एका फोनवर डिलीट केलेला फोटो सगळीकडून गेला आणि पाठवायचा राहिला : परत मिळवण्याचा क्रम

सोलापुरातील एका चादर कारखानदारांच्या बाबतीत घडलेला प्रकार आधी सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच आधाराने समजावून देता येतील. ३ ऑगस्टला त्यांनी नव्या नक्षीच्या चादरींचे वीस-बावीस फोटो फोनवर काढले. ते पुण्याच्या एका व्यापाऱ्याला पाठवायचे होते, पण भाव ठरेपर्यंत थांबू असे म्हणून पाठवणे राहिले. दरम्यान फोनची जागा भरल्याची सूचना आली आणि त्यांनी गूगल फोटोज ॲपमधील Free up space हे बटण दाबले. त्यानंतर १२ ऑगस्टला त्यांच्या भाच्याने स्वतःजवळच्या जुन्या फोनवरून हेच फोटो डिलीट केले. त्या जुन्या फोनवर मामांचेच गूगल खाते चालू होते. भाच्याचा हिशेब साधा होता : ‘मामांच्या फोनात आहेतच, माझ्याकडचे काढले तर काय बिघडले?’ व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा मामांच्या फोनवर, कारखान्यातील संगणकावर आणि भाच्याच्या फोनवर, तिन्ही ठिकाणी ते फोटो नव्हते. नमुन्याच्या चादरी तोवर विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे पुन्हा फोटो काढण्याचीही सोय उरली नव्हती.

असे का झाले, हे थोडक्यात समजून घेतल्याशिवाय शोध कुठे घ्यायचा ते कळत नाही. तीन उपकरणांवर एकच खाते चालू असेल, तर तिन्ही पडद्यांवर दिसणारा फोटो म्हणजे तीन वेगवेगळे फोटो नव्हेत. एका बँक खात्याची तीन पासबुके असली म्हणून पैसे तिप्पट होत नाहीत, तसेच हे आहे. गूगल फोटोज किंवा ॲपलचे आयक्लाउड फोटोज या सेवा खात्यातील संग्रह सर्व उपकरणांवर सारखा ठेवतात, आणि ‘सारखा ठेवणे’ यात नवा फोटो सगळीकडे दाखवणे जितके येते, तितकेच काढलेला फोटो सगळीकडून काढणेही येते. डिलीट करताना ॲप तसा इशारा देतेही, पण तो वाचण्याआधी बोट पुढे गेलेले असते. मामांनी दाबलेल्या Free up space या बटणामुळे प्रकरण अधिक नाजूक झाले. ज्या फोटोंची प्रत खात्यात सुरक्षित पोहोचली आहे, त्यांच्या फोनमधील मूळ फाइल हे बटण काढून टाकते. फोटो पूर्वीसारखेच दिसत राहतात, पण त्यानंतर खात्यातील प्रत हीच एकमेव प्रत उरते. भाच्याने डिलीट केली ती नेमकी ही प्रत.

पहिली पायरी : काहीही रिकामे करू नका

फोटो दिसत नाही हे कळल्यावर शोधाशोध सुरू करण्याआधी, त्या खात्याचा वापर करणाऱ्या सर्वांना फोन करून सांगावे की कोणीही कचरापेटी रिकामी करू नये, जागा मोकळी करणारे कोणतेही ॲप चालवू नये आणि गूगल फोटोजने परवानगी मागितली तर ती देऊ नये. ही सूचना अनाठायी वाटेल, पण ज्या माणसाने जागा करण्यासाठी फोटो डिलीट केले, तोच माणूस जागा अजून कमी दिसते म्हणून कचरापेटीही रिकामी करण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. कचरापेटीतून गेलेला फोटो परत मिळवण्याचा मार्ग वापरकर्त्याच्या हाती राहत नाही.

परवानगीचा मुद्दा अँड्रॉइड ११ आणि त्यापुढील फोनसाठी आहे. अशा फोनमध्ये एका उपकरणावर डिलीट केलेल्या फोटोची मूळ फाइल दुसऱ्या फोनमध्ये असेल, तर ती काढण्याआधी गूगल फोटोज त्या फोनच्या मालकाची संमती घेते. ॲपमध्ये out of sync असे शब्द असलेली सूचना दिसते आणि बदल तपासून मान्य करा असे सुचवले जाते. नेहमीच्या सवयीने Allow दाबले, तर शेवटची जिवंत फाइलही कचरापेटीत जाते. सूचना आली असेल तर ती तशीच राहू द्यावी.

दुसरी पायरी : फोटो काढला त्या फोनच्या फोल्डरमध्ये पाहणे

फोटो ज्या फोनच्या कॅमेऱ्याने काढला, तो फोन हाती घ्यावा. गूगल फोटोज उघडण्याऐवजी फाइल्स हे ॲप उघडावे, त्यात DCIM नावाचे फोल्डर आणि त्याच्या आत Camera हे फोल्डर पाहावे. वर सांगितलेली संमती अजून दिली नसेल, तर फोटो गूगल फोटोजच्या यादीतून गेलेला असूनही फाइल येथे सापडू शकते. सापडली तर सर्वांत आधी तिची प्रत वेगळ्या ठिकाणी करावी. केबलने संगणकाच्या डिस्कवर उतरवणे उत्तम, आणि संगणक जवळ नसेल तर ज्याला पाठवायची होती त्याला ती तिथूनच पाठवून द्यावी.

मामांच्या फोनवर हे फोल्डर रिकामे निघाले, कारण Free up space ने आपले काम चोख केले होते. ज्यांनी ते बटण वापरलेले नाही, त्यांचा शोध मात्र पुष्कळदा याच पायरीवर संपतो.

तिसरी पायरी : कचरापेटी, आणि तीही योग्य खात्याची

गूगल फोटोज उघडल्यावर वर उजव्या कोपऱ्यात खात्याचे गोल चित्र असते. त्यावर दाबून कोणते खाते चालू आहे ते आधी वाचावे. दुकानाचे एक आणि घरचे एक अशी दोन खाती असलेल्या माणसाने चुकीच्या खात्याची कचरापेटी पाहून ‘फोटो गेलाच’ असे ठरवून टाकणे, हा या सगळ्या प्रकारातील सर्वांत फसवा टप्पा आहे. खाते बरोबर असल्याची खात्री झाली की Collections या भागात जाऊन Bin उघडावे. फोनची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर तेथे Trash असे लिहिलेले असते. संगणकावरून पाहायचे असल्यास पुढील पत्ता थेट टाकता येतो आणि मोठ्या पडद्यावर फोटो ओळखणेही सोपे जाते :

```
photos.google.com/trash
```

फोटोवर बोट दाबून धरले की तो निवडला जातो. मग बाकीचे हवे असलेले फोटो निवडावेत आणि Restore दाबावे. Delete हा पर्याय शेजारीच असतो आणि या ठिकाणी त्याचा अर्थ ‘कायमचे काढा’ असा होतो, म्हणून हे काम चालत्या बसमध्ये किंवा गिऱ्हाईक समोर असताना करू नये.

मुदतीचा हिशेब नीट समजून घ्यावा. खात्यात बॅकअप झालेला फोटो गूगलच्या कचरापेटीत ६० दिवस राहतो. बॅकअप झालेलाच नव्हता, फक्त फोनमध्ये होता, तर ३० दिवस. ही मोजणी फोटो काढल्या दिवसापासून होत नाही, डिलीट केल्या दिवसापासून होते. १२ ऑगस्टला डिलीट झालेले चादरींचे फोटो त्यामुळे साधारण ११ ऑक्टोबरपर्यंत मिळू शकत होते, आणि शोध ऑगस्टमध्येच घेतल्यामुळे ते सगळे मिळालेही. तारखेच्या काठावर असलेल्यांनी मात्र शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

Restore केल्यावर मामांना पुन्हा एकदा धक्का बसला, कारण ॲपच्या पहिल्या पानावर फोटो दिसेनात. ही अडचण अनेकांना येते आणि तिचे कारण साधे आहे. परत आलेला फोटो आजच्या तारखेखाली येत नाही. तो काढला त्या तारखेच्या जागी जाऊन बसतो. म्हणजे चादरींचे फोटो ३ ऑगस्टच्या रांगेत होते आणि मामा ते सर्वांत वर शोधत होते. फोटो एखाद्या अल्बममध्ये असेल तर तोही पूर्ववत भरतो. दुसऱ्या फोनवर लगेच दिसला नाही, तर त्या फोनचे इंटरनेट चालू असल्याचे पाहून थोडा वेळ जाऊ द्यावा.

आयफोन असल्यास

आयफोनवरील तत्त्व तेच आहे, फक्त जागेची नावे आणि मुदत वेगळी आहे. Photos ॲपमध्ये खाली Utilities या गटात Recently Deleted हे फोल्डर असते. आयओएस १६ पासून ते कुलूपबंद असते आणि चेहरा, बोटाचा ठसा किंवा पासकोड दिल्यावरच उघडते, त्यामुळे घरातील दुसऱ्याचा आयफोन घेऊन त्याच्या परोक्ष शोध घेता येत नाही. फोटो निवडून Recover दाबायचे. येथे मुदत ३० दिवसांची असते आणि प्रत्येक फोटोखाली किती दिवस उरले ते लिहिलेले असते. वरचाच प्रसंग आयक्लाउडवर घडला असता, तर ११ सप्टेंबरच्या सुमारास दार बंद झाले असते.

आयफोनवर गूगल फोटोजही वापरणाऱ्यांनी दोन्ही कचरापेट्या पाहाव्यात. गूगल फोटोजमधून फोटो डिलीट करताना आयफोन स्वतःची वेगळी परवानगी विचारतो. तेथे होकार दिला असेल, तर एक प्रत गूगलच्या Bin मध्ये आणि दुसरी ॲपलच्या Recently Deleted मध्ये पडलेली असते, आणि दोन्हींची मुदत स्वतंत्रपणे चालते. एकीकडची मुदत संपली तरी दुसरीकडची शिल्लक असू शकते.

चौथी पायरी : बंद पडून असलेले उपकरण

कचरापेटी रिकामी झाली असेल किंवा मुदत उलटून गेली असेल, तरच या पायरीकडे वळावे. डिलीट झाल्यापासून इंटरनेटला न जोडलेले एखादे उपकरण घरात आहे का, हे पाहायचे. कपाटात ठेवलेला जुना फोन, चार्जिंगअभावी बंद पडलेला टॅब्लेट, परगावी गेलेल्या मुलाचा लॅपटॉप, यांना फोटो डिलीट झाल्याची बातमी अजून पोहोचलेली नसते. ती पोहोचू न देता फोटो काढून घेणे एवढेच काम आहे, पण त्याचा क्रम चुकला तर काही क्षणांत संधी जाते.

असे उपकरण चालू करण्याच्या आधीच घरातील वायफायचा राउटर बंद करावा आणि त्या उपकरणात सिमकार्ड असेल तर ते बाहेर काढावे. आधी चालू करू आणि मग विमान मोड लावू, असे करू नये, कारण ओळखीचे वायफाय दिसताच फोन स्वतःहून जोडला जातो. चालू झाल्यावर विमान मोड लावावा आणि वायफायची खूण खरोखर विझली आहे का ते पुन्हा पाहावे. काही फोन मागच्या वेळची निवड लक्षात ठेवून विमान मोडमध्येही वायफाय चालू ठेवतात. त्यानंतरच फोटो पाहावा.

आता या मार्गाची मर्यादा. फोटो दिसतो म्हणजे त्याची पूर्ण फाइल त्या उपकरणात आहे, असे समजू नये. ज्या फोनने फोटो काढलेला नाही, त्यात गूगल फोटोज बहुधा पाहण्यापुरते लहान चित्र ठेवते. आयफोनमध्येही Optimize iPhone Storage चालू असेल तर मूळ फाइल आयक्लाउडवर आणि फोनमध्ये लहान आवृत्ती, अशी व्यवस्था असते. ओळखण्याची खूण अशी की फोटो उघडून मोठा केला की अक्षरे किंवा धागे फुटतात आणि इंटरनेटशिवाय ते स्पष्ट होत नाहीत. चादरीच्या नक्षीसाठी तेवढ्याने भागणार नाही, कागदपत्राच्या फोटोसाठी कदाचित भागेल. अशा वेळी स्क्रीनशॉट घेऊन तो केबलने बाहेर काढावा. पूर्ण फाइल असेल, तर अर्थातच स्क्रीनशॉट न घेता फाइलच उतरवावी.

याच टप्प्यावर लोक ‘डिलीट झालेले फोटो परत आणा’ असे सांगणारी ॲप उतरवतात. सर्व्हरवरील कचरापेटीतून कायमचा गेलेला फोटो असे कोणतेही ॲप आणू शकत नाही, कारण तेथे त्याचा हात पोहोचतच नाही. फोनमधील सर्व फायली वाचण्याची परवानगी मात्र ते मागते. ती देण्यासारखे कारण मला दिसत नाही.

पाचवी पायरी : अर्धवट पाठवलेले कुठे अडकले आहे का?

‘पाठवायचा राहिला’ असे माणूस म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो अर्धा पाठवलेला असतो, म्हणून हेही तपासावे. जीमेलच्या Drafts मध्ये लिहून ठेवलेले पत्र संगणकावरून उघडावे. जोडलेला फोटो तेथे उघडत असेल, तर ती जीमेलमधील स्वतंत्र प्रत आहे आणि गूगल फोटोजमधून डिलीट केल्याने ती जात नाही. फोटो कधी गूगल ड्राइव्हवर हाताने चढवला असेल, तर तीही वेगळी प्रत असते. जुलै २०१९ पासून ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यातील आपोआप जुळणी गूगलने बंद केली, त्यामुळे एका ठिकाणचे डिलीट दुसऱ्या ठिकाणी लागू होत नाही. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲप पाठवलेल्या फोटोची स्वतःची प्रत WhatsApp Images या फोल्डरातील Sent मध्ये ठेवते. तोच फोटो पूर्वी दुसऱ्या कोणाला, अगदी घरच्या ग्रुपवर, पाठवला असेल तर तो तेथे मिळतो. दर्जा मात्र कमी झालेला असतो.

सामायिक अल्बमची लिंक पाठवलेल्यांनी निश्चिंत राहू नये. लिंक म्हणजे आपल्याच संग्रहात डोकावण्याची परवानगी असते. आपण फोटो डिलीट केला की समोरच्यालाही तो दिसेनासा होतो. समोरच्याने तो आधीच आपल्या खात्यात जतन केला असेल किंवा फोनमध्ये उतरवून घेतला असेल, तर त्याच्याकडून परत मागता येतो, आणि हे विचारायला लोक विसरतात.

फोटो हाती आल्यावर, पाठवण्याआधी

परत मिळालेला फोटो पुन्हा त्याच संग्रहात ठेवून निर्धास्त होण्यात अर्थ नाही, कारण भाच्याचा फोन अजून त्याच खात्याला जोडलेला आहे. संगणकावर photos.google.com उघडून फोटो निवडावेत आणि तीन टिंबांच्या यादीतील Download ने ते उतरवावेत. एकाहून अधिक फोटो असतील तर एक झिप फाइल मिळते. ती उघडून दोन-तीन फोटो खरोखर उघडतात का ते पाहावे. ही संगणकाच्या डिस्कवरील प्रत कोणत्याही फोनवरील डिलीटने हलत नाही. अट एवढीच, की ज्या फोल्डरमध्ये ती ठेवली ते फोल्डर ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हसारख्या दुसऱ्या एखाद्या सेवेने आपल्या जुळणीत घेतलेले नसावे. नव्या लॅपटॉपवर Desktop आणि Documents ही फोल्डर अशी घेतलेली असण्याची शक्यता असते, तेव्हा पेन ड्राइव्ह अधिक बरा.

पाठवताना फाइल पाठवावी, लिंक नको. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला तर तो दाबून लहान केला जातो. कापडाचा पोत किंवा कागदावरील बारीक अक्षरे दाखवायची असतील तर तोच फोटो Document म्हणून जोडावा, म्हणजे मूळ फाइल जाते. जीमेलमध्ये जोडणी २५ एमबीपेक्षा मोठी झाली की ती आपोआप ड्राइव्हची लिंक बनते, आणि मग ड्राइव्हवरील फाइल काढली तर समोरच्याच्या हाती काही राहत नाही. वीस चादरींचे फोटो एकाच पत्रात कोंबण्यापेक्षा ते चार-पाचच्या गटांनी पाठवणे म्हणूनच बरे.

गेले की नाही, हे खुणांवरून ठरवावे. व्हॉट्सॲपवर घड्याळाची खूण असेल तोवर संदेश आपल्याच फोनमध्ये आहे. एक टिक म्हणजे तो सर्व्हरवर पोहोचला, दोन टिक म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोहोचला. पण दोन टिक आल्या म्हणजे त्याने फोटो उतरवून घेतला असे नव्हे. ज्यांच्या फोनवर फोटो आपोआप उतरत नाहीत, त्यांना तो दाबून उतरवावा लागतो. म्हणून ‘फोटो उघडून पाहिलेत का?’ असे विचारून होकार येईपर्यंत आपल्याकडील एकही प्रत काढू नये.

जागा करायची असेल तर कोणते बटण

फोन खरोखर भरला असेल तर जागा करावीच लागते. फक्त त्या फोनमधील फाइल काढायची आणि खात्यातील प्रत ठेवायची, यासाठी अँड्रॉइडवरील गूगल फोटोजमध्ये Delete from device हा वेगळा पर्याय आहे. फोटो उघडून तीन टिंबांवर दाबले की तो दिसतो. कचऱ्याच्या डब्याचे चित्र असलेले नेहमीचे बटण मात्र खात्यातूनही काढते. भाच्याला हवा होता पहिला पर्याय आणि त्याने दाबला दुसरा. फोटोंची गर्दी नुसती डोळ्यांसमोरून हलवायची असेल, तर Archive पुरते. फोटो मुख्य पानावरून जातो, पण खात्यात राहतो.

आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असताना एकाच उपकरणातून फोटो काढण्याचा असा पर्याय नाही. तेथे Optimize iPhone Storage चालू ठेवून फोनलाच जागा सांभाळू द्यावी, आणि ज्या फोटोंची मूळ फाइल हाताशी हवी ते संगणकावर उतरवून ठेवावेत.

भाच्याच्या फोनवर मामांचे खाते ठेवण्याचे मूळ कारण एवढेच होते की नवे फोटो त्यालाही दिसावेत. त्यासाठी खाते देण्याची गरज नसते. गूगल फोटोजमध्ये Partner sharing ची सोय आहे. मामांनी ती चालू करून भाच्याच्या स्वतःच्या खात्याला आमंत्रण द्यावे आणि भाच्याने आपल्या बाजूने फोटो आपोआप जतन करण्याचा पर्याय निवडावा. मग भाच्याच्या खात्यात स्वतःची प्रत तयार होते, तो तिचे काहीही करो, मामांच्या संग्रहाला धक्का लागत नाही. हे जमल्यावर जुन्या फोनवरील मामांचे खाते काढून टाकायचे. ते फोनच्या सेटिंगमध्ये खात्यांच्या यादीत जाऊन काढावे, फोटो एकेक डिलीट करत बसू नये. खाते काढल्याने फक्त त्या फोनची जोडणी तुटते, खात्यातील फोटो जागच्या जागी राहतात.